चार शेरे आणि एक मसुदा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या समाजातील कितीतरी तरुण मुलेमुली आज बँकांतून आणि कचेऱ्यांतून नोकऱ्या करीत आहेत. त्यांच्या उपयोगाचे काहीतरी बोलावे, असे चिटणीसांनी मला सुचविले. माझी उभी हयात एका सहकारी बँकेच्या मुख्य कचेरीत मसुदे लिहिण्यात गेली, तेव्हा मसुद्याविषयीच बोलतो. मसुदा लिहिणे फारसे कठीण नसते. तो चार वरिष्ठांकडून चार तऱ्हांचे शेरे घेऊन परत आला म्हणजे त्यांतून एक मसुदा कसा करावा, तेथे खरी कसोटी लागते.

गोष्ट २०१२ सालची. खातेदार मृत्यू पावल्यावर त्याची ठेव वारसांस कशी द्यावी, याचे परिपत्रक मला सिद्ध करावयाचे होते. दावा आणि मृत्यूचा पुरावा हाती आल्यापासून पंधरा दिवसांत पैसे द्यावेत, असे रिझर्व्ह बँकेने २००५ सालीच सांगितले होते. खात्याला नामनिर्देशन नसेल तर काही मर्यादेपर्यंत केवळ हमीपत्रावर रक्कम द्यावी आणि ती मर्यादा प्रत्येक बँकेने आपली आपण ठरवावी, असेही तिचे म्हणणे होते. (२०२५ साली या बाबतीत नवे निर्देश निघाले आहेत, मी सांगतो ती हकीकत त्यापूर्वीची आहे.) आमच्या शाखांतून मात्र विधवा बायकांना पाचपाच खेपा घालाव्या लागत होत्या.

मसुदा चौघांकडे गेला: शाखांचे व्यवस्थापक, कायदा अधिकारी, तपासणी विभागाचे प्रमुख आणि ठेव विभागाचे प्रमुख. चार प्रतींवर मिळून ३७ शेरे आले. शाखांच्या व्यवस्थापकांनी लिहिले, मर्यादा दोन लाखांची असावी आणि निर्णय शाखेतच व्हावा. कायदा अधिकाऱ्यांनी लिहिले, पन्नास हजारांपुढे दोन जामीनदार हवेतच. तपासणी प्रमुखांना प्रत्येक दावा मुख्य कचेरीत यावयास हवा होता. शिवाय नामनिर्देशन असले तरी सर्व वारसांची संमती घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता.

मी काय केले? जसजसे शेरे हाती आले तसतसे ते मसुद्यात घालीत गेलो. कोणास दुखवावे असे वाटले नाही, हे त्यामागचे खरे कारण! चौथ्या परिच्छेदात दोन लाखांपर्यंत केवळ हमीपत्र आले, सातव्यात पन्नास हजारांपुढे जामीनदार आले, आणि जेथे काहीच जुळेना तेथे मी ‘शक्यतो’ व ‘आवश्यकतेनुसार’ हे दोन शब्द पेरले. मसुद्यात हे शब्द दिसू लागले की तेथे निर्णय झालेला नाही, असे खुशाल समजावे.

दुसऱ्या फेरीत त्यावर आणखी शेरे आले. तेव्हा मी एक परीक्षा करून पाहिली. एक कल्पित दावा लिहिला: ठेव ९० हजार, नामनिर्देशन नाही, मागे पत्नी व दोन मुले. दोन निरनिराळ्या शाखांतील कारकुनांना मसुदा दिला आणि या बाईकडून काय काय मागाल, असे विचारले. एकाने हमीपत्र पुरेल म्हटले, तर दुसऱ्याने दोन जामीनदार मागितले. दोघांचेही बरोबर होते, कारण दोघांनाही माझ्या मसुद्याचा आधार होता.

मग मी तो मसुदा बाजूस ठेवून मूळ मसुद्याकडे परतलो. प्रत्येक कलमाला एक स्वतंत्र कागद घेतला आणि त्यावर त्या कलमावरचे शेरे, ज्याचे त्याच्या शब्दांत व नावासह, उतरून काढले. ३७ पैकी १५ केवळ भाषेचे होते. ते मी माझ्या अधिकारात निकालात काढले. १२ शेऱ्यांना कोणाचाच विरोध नव्हता, ते स्वीकारले. उरले दहा, आणि ते सारे तीनच प्रश्नांभोवती फिरत होते. जो गोंधळ डोंगराएवढा दिसत होता, तो तीन प्रश्नांचा निघाला.

त्यांतला एक तर मताचा प्रश्नच नव्हता. नामनिर्देशित व्यक्तीस पैसे दिले की बँक मोकळी होते, असे बँकिंग नियमन कायद्याचे ४५ झेडए हे कलम सांगते. वारसांचा हक्क त्यामुळे बुडत नाही. तो त्यांनी त्या व्यक्तीकडे मागावयाचा असतो. तेव्हा संमतीची अट गळाली. जेथे कायदा बोलला आहे तेथे चौघांची मते मोजण्यात अर्थ नसतो. मात्र हे मी परस्पर ठरविले नाही. कायदा अधिकाऱ्यांकडून तसे दोन ओळींत लिहून घेतले.

राहिले दोन प्रश्न: मर्यादा किती, आणि निर्णय कोणाचा. येथे मी प्रत्येकाच्या खोलीत जाऊन एकच गोष्ट विचारली, ‘साहेब, आपला शेरा मी घेतला नाही तर काय बिघडेल?’ कायदा अधिकारी म्हणाले, एकदा पैसे दिल्यावर तिसराच वारस उभा राहिला होता. म्हणजे त्यांची चिंता पन्नास हजारांची नव्हती, लपलेल्या वारसाची होती. तपासणी प्रमुखांना एकट्या माणसाच्या सहीची धास्ती होती. शाखांच्या व्यवस्थापकांना दोन लाखांचे महत्त्व नव्हते. बाईची खेप वाचावी, एवढेच त्यांचे मागणे होते. शेरे एकमेकांच्या विरुद्ध होते, चिंता मात्र तशा नव्हत्या. हे कागदावर कधी दिसले नसते.

तरीही आकडा कोणीतरी ठरवावयास हवा होता, आणि तो ठरविणारा मी नव्हतो. येथे पुष्कळजण चुकतात. मसुदा लिहिणारा गुपचूप मधला आकडा घालतो, आणि मग तो कोणाचाच राहत नाही. मी महाव्यवस्थापकांपुढे एकच पान ठेवले: दोन प्रश्न, प्रत्येकाचे पर्याय, कोण कोणत्या बाजूस, कोणाची कोणती चिंता, आणि माझी शिफारस. जुन्या नोंदी चाळल्या तेव्हा नामनिर्देशन नसलेले बहुतेक दावे लाखाच्या आतले दिसले, म्हणून मी एक लाख सुचविले. चौघांस बसवून त्यांनी वीस मिनिटांत निर्णय दिला: एक लाखापर्यंत शाखेतच, पण व्यवस्थापक व दुसरा अधिकारी अशा दोन सह्यांनी, जामीनदार नाहीत, मात्र हमीपत्रावर सर्व वारसांच्या सह्या आणि दुसरा वारस नसल्याचे प्रतिज्ञापत्र, लाखापुढे दोन जामीनदार आणि मुख्य कचेरीची मंजुरी.

त्यानंतर मी संपूर्ण परिपत्रक पहिल्या ओळीपासून एका हाताने पुन्हा लिहिले. ठिगळे लावलेल्या मसुद्यात ‘दावेदार’, ‘अर्जदार’ आणि ‘वारस’ हे तीन शब्द एकाच माणसाला आले होते, ते तेव्हा ध्यानात आले. सोबत निर्णयांची एक यादी जोडली: कलम, निर्णय, कोणी दिला, तारीख, कारण, आणि न स्वीकारलेले शेरे. तपासणी प्रमुखांचा मुख्य शेरा नाकारला गेला होता. परिपत्रक निघण्यापूर्वी मी स्वतः जाऊन त्यांस कारण सांगितले, आणि शाखांनी दिलेल्या रकमांची यादी दरमहा त्यांच्याकडे यावी असे कलम घातल्याचे दाखविले. ते प्रसन्न झाले असे मी म्हणणार नाही. पण ‘बरे, यादी वेळेवर येऊ द्या’ एवढे म्हणाले, आणि सही केली.

दुसऱ्याच आठवड्यात कायदा अधिकाऱ्यांचा दूरध्वनी आला. जामीनदारांचे ते वाक्य लाखाखालीही घालता येईल का, म्हणाले. मी यादीतील सहावी ओळ वाचून दाखविली. बैठकीत ते स्वतः हजर होते. त्यांनी हसून दूरध्वनी ठेवला. त्याच दुपारी ९० हजारांचा तो कल्पित दावा मी पुन्हा त्या दोन कारकुनांकडे पाठविला. दोघांनी तेच तीन कागद मागितले: मृत्यूचा दाखला, सर्व वारसांच्या सहीचे हमीपत्र, आणि प्रतिज्ञापत्र. तेव्हा परिपत्रक छापावयास दिले.