तापातल्या नातवंडाला काय द्यावं?

आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत मला बहुतेक एकच प्रश्न येतो, "डॉक्टर, नातीला ताप आहे, कालपासून घास घेत नाही, काय करू?" इथे आईबाप कामावर जातात आणि तापलेलं मूल आपल्याकडे असतं, म्हणून आज त्यावरच बोलतो.

आधी मनातली भीती काढू. एरवी धडधाकट असलेलं मूल दोन-तीन दिवस कमी जेवलं तरी बिघडत नाही. थोडं वजन उतरतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत भरून येतं. पाणी मात्र थांबून चालत नाही, कारण तापात ते घामातून आणि जोराच्या श्वासातून जातच असतं. (मुलाला मधुमेह किंवा दुसरा जुना आजार असेल तर हे लागू नाही. मूल खात नाही म्हटल्यावर तिथे लगेच डॉक्टरांना विचारायचं.)

गेल्या हिवाळ्यात ओळखीतल्या एका आजींचा फोन आला. नात चार वर्षांची, वजन सोळा किलो, ताप एकोणचाळीस, सकाळपासून दोन उलट्या. आजींनी मऊ भात भरवला, तो बाहेर आला. मग आजोबांनी भारतातून आणलेली ओआरएसची पुडी पेलाभर पाण्यात कालवून दिली. मुलीने एक घोट घेतला आणि तोंड वळवलं. मी पुडीच्या मागचं वाचायला सांगितलं. ती एक लिटर पाण्याची पुडी होती! इथल्या फार्मसीतली पुडी साधारण २०० मिलिलिटरची असते, म्हणून आजोबांनी पेला घेतला. म्हणजे मीठ पाचपट. असं पाणी पोटात गेलं तर रक्तातलं मीठ वाढतं आणि मुलाला झटकेसुद्धा येऊ शकतात. पोरीने तोंड वळवलं तेच बरं झालं. तेव्हा पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी मोजून घाला आणि स्वतः चाखून पाहा. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या.

ते पाणी ओतून नवीन केलं. उलटीनंतर दहा मिनिटं थांबलो, मग दर पाच मिनिटांनी दोन चहाचे चमचे, म्हणजे दहा मिलिलिटर. एवढ्याशाने काय होणार, असं आजींना वाटलं. पण तासाभरात ते १२० मिलिलिटर होतात, आणि पोटात टिकतात. पेलाभर एकदम दिलं की पुन्हा उलटी. सोळा किलोच्या मुलाला दिवसभरात सव्वा ते दीड लिटर लागतं, त्यात दूध, पेज, वरणाचं पाणी सगळं धरायचं. उलटी-जुलाब नसतील तर ओआरएसची गरजही नाही. पातळ ताक, लिंबूसरबत, दूध चालतं. तापात दूध-दही बाधतं हे आपण ऐकत आलो, पण मूल मागत असेल तर अडवू नका. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध तर मुळीच तोडू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध मात्र नको.

चार तास उलटी झाली नाही, तेव्हा आजींना पेज करायला सांगितली. पाव वाटी तांदूळ किंचित भाजून मिक्सरमध्ये भरड करायचे, तीन वाट्या पाण्यात गाठी न होऊ देता शिजवायचे, चिमूटभर मीठ, वर अर्धा चमचा तूप. वाटी भरून समोर ठेवायची नाही, चार चमचे द्यायचे. वेळही पाहा. मूल तापाने कण्हत असताना भरवू नका. बाटलीवर वयाप्रमाणे लिहिलेलं पॅरासिटामॉल दिलं असेल, तर तासाभराने ताप उतरतो आणि मूल जरा खेळायला लागतं. खायला विचारायची वेळ ती. त्या पोरीने तेव्हा पाच-सहा चमचे घेतले. दुसऱ्या दिवशी मुगाच्या डाळीची सैल खिचडी आणि अर्धं केळं. हळद-जिरं चालेल, मिरची आणि तळलेलं नको. आजी सायंकाळी बदामाचा शिरा घेऊन बसल्या होत्या, तो आजोबांनी संपवला!

पाणी पुरतंय का, हे लघवी सांगते. फिकट पिवळी आणि तीन-चार तासांनी होत असेल तर निश्चिंत राहा. आठ तास झाली नाही, तोंड सुकलं, रडताना डोळ्यांत पाणी नाही किंवा घोट घोटही पोटात राहत नाही, तर १११ला फोन करा. उलटी हिरवी असेल किंवा तिच्यात रक्त असेल, मूल जागं होत नसेल, श्वासाला धाप असेल किंवा दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके अंगावर आले, तर थेट ९९९. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला अडतीस किंवा जास्त ताप असेल, तर पेज-पाण्याचा विचार न करता आधी फोन.

त्या पोरीला रात्री आठला लघवी झाली. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःहून वरणभात मागितला, वर पापडही.