शोकसंदेशाला दुरुस्ती नसते



 परिषदेच्या अध्यक्षाने आपल्या व्यवसायाचा सर्वांगीण आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. ती आज बाजूला ठेवून मी एकाच छोट्या मजकुराबद्दल बोलणार आहे. मोठा रस्ता अपघात, पूर किंवा दरड कोसळल्यानंतर आपल्यापैकी कुणीतरी बातमीदार, माहिती अधिकारी किंवा संस्थेचा पत्रव्यवहार सांभाळणारा घाईघाईने पाच-सहा ओळींचा शोकसंदेश लिहितो, आणि मंत्री, कुलगुरू, कारखान्याचे अध्यक्ष किंवा संपादक त्याखाली सही करतात. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. बातमी उद्या दुरुस्त करता येते, शोकसंदेश दुरुस्त करता येत नाही. मृतांचा आकडा चुकला, कारण चुकले, तर वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी सुधारित बातमी देते आणि वाचकही ते गृहीत धरतो. ‘आमच्या सांत्वनातील तिसरे वाक्य रद्द समजावे’ असे पत्र मात्र कोणी कोणाच्या घरी पाठवत नाही. म्हणून पुढे बदलण्याची शक्यता असलेली कोणतीही गोष्ट या मजकुरात असू नये.

एक घटना समोर ठेवून हे तपासून पाहू. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा परिसरात, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली आणि तिने पेट घेतला. बसमधील ३३ जणांपैकी २५ जण गेले. टायर फुटल्याने अपघात झाला, असे बसच्या चालकाने सांगितल्याचे पहिल्या काही तासांतच सगळीकडे पसरले. नंतर परिवहन विभागाच्या प्राथमिक अहवालाच्या बातम्या आल्या. टायर फुटल्याच्या खुणा घटनास्थळी मिळाल्या नाहीत, असे त्यात म्हटले होते, आणि अतिवेग हे कारणही त्या अहवालाने मान्य केले नव्हते. म्हणजे पहाटे सर्वांत सहज सुचलेली दोन्ही कारणे काही दिवसांत डळमळीत झाली. बातमीच्या दृष्टीने यात विशेष काही नाही, कारण तपास असाच पुढे सरकतो. मात्र त्या पहाटे टायरचा उल्लेख करून निघालेला प्रत्येक शोकसंदेश तसाच राहिला. ज्याचा स्वतःचा जबाब तपासला जायचा होता त्या माणसाचे म्हणणे त्या संदेशांनी सहीशिक्क्यासह मृतांच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचवले.

आता आपल्या सवयीच्या भाषेत अशा प्रसंगी कसा मजकूर तयार होतो ते पाहा. नमुना मी बेतला आहे, पण त्यातला प्रत्येक शब्द आपल्या ओळखीचा आहे: ‘भरधाव बसचा टायर फुटून झालेल्या भीषण अपघातात २५ निष्पाप प्रवाशांचा होरपळून अंत झाला. काळाने घातलेल्या या घाल्याने मन सुन्न झाले आहे. मृतात्म्यांना शांती लाभो आणि जखमींना लवकर आराम पडो.’ या तीन वाक्यांत अंदाज किती ठिकाणी शिरला आहे? ‘भरधाव’ हे नुसते विशेषण वाटते, पण तो चालकावरचा आरोप आहे. ‘टायर फुटून’ हे कारण आहे, आणि ते चालकाला दोषातून मोकळे करते. एकाच वाक्यात आपण त्याला दोषीही ठरवले आणि सोडूनही दिले, आणि दोन्हींसाठी आपल्याकडे आधार नव्हता. ‘होरपळून’ हा शब्द मृत्यू कसा आला ते सांगतो. आगीत माणूस भाजूनच जातो असे नाही. अनेकदा धुराने गुदमरून मृत्यू येतो, आणि ते शवविच्छेदनानंतरच सांगता येते. आईला किंवा भावाला हा एक शब्द आयुष्यभर पुरतो. तो खरा आहे की नाही हे माहीत नसताना लिहिण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? ‘लवकर आराम पडो’ ही सदिच्छा आहे हे खरे, पण जखमींची अवस्था काय आहे हे ती लिहिणाऱ्याला ठाऊक नसते.

‘काळाने घाला घातला’, ‘नियतीचा क्रूर खेळ’, ‘निसर्गाचा कोप’ यांकडे आपण अलंकार म्हणून पाहतो आणि निर्धास्तपणे वापरतो. माझ्या मते यांतच सर्वांत मोठा अंदाज दडलेला असतो. घटनेला माणूस जबाबदार नाही, असा निकाल ते देऊन टाकतात. आपत्कालीन दरवाजा उघडत होता का, दार ज्या बाजूला होते त्याच बाजूवर बस पडल्यावर आतल्यांना बाहेर पडायला दुसरा मार्ग होता का, हे प्रश्न चौकशीत विचारले जाणार असतात. आपण ते विचारले जाण्याआधीच नियतीच्या नावे बंद करतो. दरड आणि पुराच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. पाऊस किती पडला हे मोजता येते. तेवढ्या पावसात डोंगर का सरकला, नदीचे पाणी वस्तीत का शिरले, याला उतार, खोदकाम, नाले, धरणातून सोडलेले पाणी आणि सूचना वेळेवर पोहोचली की नाही अशी अनेक अंगे असतात. ‘कोप’ म्हटले की ती सगळी पुसली जातात.

दरडीच्या प्रसंगात आणखी एक अडचण येते, ती बेपत्ता माणसांची. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. अशा वेळी ‘८४ मृतांना श्रद्धांजली’ असे लिहिणे सोपे असते. पण बेपत्ता माणसाला मृत म्हणणे म्हणजे त्याच्या घरच्यांची वाट पाहणे आपल्या लेखणीने संपवणे आहे. कायदासुद्धा हा फरक पाळतो. बेपत्ता व्यक्तीला मृत मानण्यासाठी सामान्यतः सात वर्षे जावी लागतात आणि आपत्तीत सरकारला त्यासाठी वेगळा निर्णय घ्यावा लागतो. कायदा जिथे एवढा सावध आहे तिथे आपण पहिल्याच दिवशी दोन आकड्यांची बेरीज करू नये. मृतांसाठी एक वाक्य आणि बेपत्तांसाठी दुसरे वाक्य, एवढी शिस्त पुरते. नावांच्या बाबतीतही हेच लागू आहे. आरक्षणाची यादी म्हणजे बसमध्ये असलेल्यांची यादी नव्हे. कोणी वाटेत चढतो, कोणी दुसऱ्याच्या नावावर जातो. बुलढाण्यात ओळख पटवणे इतके कठीण होते की २४ जणांवर एकत्र अंत्यसंस्कार करावे लागले.

मग लिहायचे तरी काय? समृद्धीवरील त्या घटनेच्या दिवशी सकाळी असा मजकूर लिहिता आला असता: ‘आज मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा परिसरात नागपूरहून पुण्याला जाणाऱ्या बसला अपघात होऊन आग लागली. या घटनेत २५ जणांचा मृत्यू झाल्याचे पोलिसांनी सकाळी सांगितले. ज्यांची माणसे गेली त्या सर्व कुटुंबांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. जखमींवर उपचार सुरू आहेत. त्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या पाठीशी आम्ही आहोत. मध्यरात्री मदतीला धावलेल्या सर्वांचे आम्ही आभारी आहोत. अपघाताच्या कारणांचा तपास सुरू आहे.’ यात वेळ, जागा, दिसलेली घटना आणि आकडा आहे. आकड्याशेजारी तो कोणी आणि केव्हा सांगितला तेही आहे, त्यामुळे संध्याकाळी तो वाढला तरी हे वाक्य खोटे ठरत नाही. कारणाचा शब्द एकच आहे, आणि तो तपासाकडे बोट दाखवतो. ‘मृतात्मा’ हा शब्दही मी टाळला आहे. प्रवाशांचा धर्म आपल्याला ठाऊक नसतो आणि ‘दुःखात सहभागी’ हे शब्द सर्वांच्या घरी पोहोचतात.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे, आणि तो मी गंभीरपणेच घेतो. कारण न सांगणे म्हणजे दोषींना पांघरूण घालणे, असे अनेक निर्भीड पत्रकार म्हणतील. रस्त्यांवर वर्षानुवर्षे माणसे मरत असताना आपण मोजूनमापून शब्द लिहीत बसायचे का? मला त्यांचा राग मान्य आहे, त्याची जागा मान्य नाही. अग्रलेख, बातमी, विधानसभेतला प्रश्न, जनहित याचिका या जाब विचारण्याच्या जागा आहेत, आणि तिथे तो पुराव्यानिशी विचारता येतो. शोकसंदेशात घाईने केलेला आरोप चुकला तर त्याचा फायदा आरोपीलाच होतो. ‘तुमचा टायरही खोटा निघाला आणि वेगही’ असे म्हणून तो पुढच्या खऱ्या प्रश्नालाही उडवून लावतो. शिवाय माझी सूचना दोषींनाही अडचणीची आहे, कारण ‘नियती’ आणि ‘कोप’ ही त्यांच्या सोयीची आडोशाची जागा ती काढून घेते.

दुसरा आक्षेप असा की असा मजकूर कोरडा, सरकारी वाटतो. मला नेमके उलटे दिसते. ‘मन सुन्न झाले’ हे वाक्य लिहिणाऱ्याच्या मनाबद्दल आहे आणि ते कोणत्याही अपघाताला चिकटवता येते. ही माणसे नागपूरहून पुण्याला निघाली होती, मध्यरात्री लोक मदतीला धावले, हे तपशील त्या एकाच घटनेचे आहेत. त्यातून लिहिणाऱ्याने लक्ष दिल्याचे कळते, आणि दुःखात माणसाला लक्षच हवे असते. तिसरा आक्षेप वेळेचा आहे: साहेबांना अर्ध्या तासात संदेश हवा असतो. पण अर्ध्या तासात पडताळून पाहण्यासारख्या गोष्टी मोजक्याच असतात. कारण, वेग आणि मृत्यूचा प्रकार वगळला की पोलीस नियंत्रण कक्षाला एक फोन करून मजकूर पुरा होतो. घाई असेल तर कमी लिहिणे हाच खरा उपाय आहे.

म्हणून या परिषदेने आज ठराव करावा अशी माझी विनंती आहे. पहिल्या भागात असे म्हणावे की आपल्या सदस्यांनी लिहिलेल्या शोकसंदेशात कारण, वेग आणि मृत्यूचा प्रकार येणार नाही, मृत व बेपत्ता यांचे आकडे स्वतंत्र राहतील आणि प्रत्येक आकड्यासोबत सांगणाऱ्याचे नाव व वेळ असेल. दुसरा भाग मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. ज्या संस्थेने शोक व्यक्त केला तिने ती तारीख नोंदवून ठेवावी आणि वर्षभरानंतर चौकशीचा अहवाल कुठे आहे, त्यातील कोणती शिफारस अमलात आली, हे संबंधित खात्याला लेखी विचारावे आणि आलेले उत्तर प्रसिद्ध करावे. पहिल्या दिवशी आपण कारणाबद्दल गप्प राहतो ते याच अटीवर, की पुराव्याची वेळ आल्यावर आपण ते विचारल्याशिवाय राहणार नाही. ही अट पाळायची तयारी नसेल, तर आपल्या संयमाला दोषींचा बचाव म्हणणारे बरोबर ठरतील. ती पाळायची तयारी आपल्यात आहे, या विश्वासाने मी हा ठराव आपल्यासमोर मांडतो.