परदेशातून आलेली वस्तू परत पाठवताना

गेल्या हिवाळ्यात आमच्या गटानं हळद आणि चटणीच्या पिशव्या सील करायचं छोटं मशीन मोबाईलवरून मागवलं. विकणारा परदेशातला होता. मशीनचे २,४०० रुपये आणि कस्टम ड्युटीसकट कुरिअरवाल्याला दिलेले ९०० रुपये, असे ३,३०० गेले.

खोकं उघडलं आणि मागची पट्टी वाचली, तर ११० व्होल्ट. जाहिरातीत २२० लिहिलं होतं. आपल्याकडं घरात २३० व्होल्ट येतात, तसंच लावलं असतं तर मशीन जळालं असतं. म्हणून प्लग न लावता पट्टीचा आणि जाहिरातीचा फोटो काढून विक्रेत्याला पाठवला.

तो म्हणाला, "तुमच्या खर्चानं परत पाठवा, मग २,४०० देतो." पोस्टात वजन केलं, तर खर्च १,३०० च्या आसपास निघाला. म्हणजे हातात राहणार १,१००. ड्युटी सरकारात जमा झालेली, ती विक्रेता देत नाही. परत गेलेल्या मालाची ड्युटी मागायची सोय कायद्यात आहे, पण एवढ्याशा रकमेला कागदपत्रं आणि हेलपाटेच महाग पडतात.

इथं एक फरक लक्षात ठेवा. मन बदललं म्हणून वस्तू परत करायची असेल, तर टपालखर्च बहुतेक वेळा आपल्यावरच येतो. पण वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीसारखी नसेल, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. आम्ही तेच धरून बसलो: चूक तुमची, टपालखर्चही तुमचा. शेवटी तो म्हणाला, "मशीन ठेवा, १,५०० घ्या."

हक्क पुऱ्या पैशांचा होता. पण परत पाठवून १,१००, तेही पार्सल पोचल्यावर. आणि न पाठवता १,५००, वर मशीन घरातच. आम्ही १,५०० घेतले. मात्र असं कबूल केलं की बाकीचे पैसे मागणं अवघड होतं, म्हणून हिशेब आधी मांडा.

विक्रेता उत्तरच देत नसेल, तर कार्डानं पैसे भरलेल्या बँकेत लगेच लेखी तक्रार द्या, कारण त्याला मुदत असते. ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५. मात्र ज्याचं भारतात कुणीच नाही, त्याच्याकडून वसुली कठीणच.

म्हणून आता आम्ही मागवण्याआधी विक्रेत्याचा पत्ता बघतो. माल चीनमध्ये बनलेला असला तरी विकणारा मुंबई-पुण्यातला असेल, तर परतीचं पार्सल देशातच फिरतं. पत्ता परदेशातला असेल, तर गटाच्या बैठकीत एकच प्रश्न विचारतो: ही वस्तू बिघडलेली आली, तर एवढे पैसे बुडालेले चालतील का? नाही म्हटलं, की सांगली-साताऱ्याच्या दुकानात दोनशे रुपये जास्त देऊन घेतो. तिथं बदलून आणायला एसटीचं तिकीट पुरतं.