युबिक्विटस: ‘कुठे’ सांगणारा शब्द

आजच्या भागात एकच शब्द घेतोय: युबिक्विटस. इंग्रजी अग्रलेख नियमित वाचणाऱ्यांना तो महिन्यातून दोन-चारदा तरी भेटतो. ‘सगळीकडे आढळणारा’ हा त्याचा अर्थ बहुतेकांच्या वहीत असतोच. तरीही उताऱ्यावरच्या प्रश्नात गुण जातात, कारण हा शब्द काय सांगत नाही, याकडे आपलं लक्ष नसतं.

आधी उच्चार. यु-बिक्-वि-टस, जोर ‘बिक्’वर. स्पेलिंग यू, बी, आय, क्यू, यू, आय, टी, ओ, यू, एस. सुरुवात ‘यु’ अशी होते, ‘अ’ किंवा ‘उ’ अशी नाही. म्हणून त्याच्या आधी ‘अ’ हे आर्टिकल लागतं, ‘अॅन’ नाही. ‘अ युनिव्हर्सिटी’ म्हणतो तसंच ‘अ युबिक्विटस साइट’. चूक शोधा प्रकारच्या प्रश्नात पहिलं अक्षर यू दिसलं की हात ‘अॅन’कडे जातो, तिथे थांबा.

आता मूळ पाहू. लॅटिनमध्ये ‘उबी’ म्हणजे कुठे आणि ‘उबीक्वे’ म्हणजे सर्वत्र. सीडीएस किंवा एनडीएची तयारी करणाऱ्यांना यात एक ओळखीची गोष्ट सापडेल. ब्रिटनच्या रॉयल इंजिनिअर्सचं ब्रीदवाक्य ‘उबीक्वे’ आहे. आपल्या भूदलाच्या कोअर ऑफ इंजिनिअर्सचं ब्रीद आहे ‘सर्वत्र’. खडकीचे बॉम्बे सॅपर्स, बेंगळुरूचे मद्रास सॅपर्स, रुरकीचे बेंगॉल सॅपर्स, सगळे याच कोअरचे. म्हणजे युबिक्विटसचा सगळ्यात जवळचा भारतीय शब्द त्यांच्या बोधचिन्हावरच आहे.

या ‘सर्वत्र’मधल्या ‘त्र’कडे नीट बघा. कुत्र म्हणजे कुठे, तत्र म्हणजे तिथे, अन्यत्र म्हणजे दुसरीकडे, सर्वत्र म्हणजे सगळीकडे. ‘त्र’ लागला की शब्द जागेबद्दल बोलतो. लॅटिनचंही तसंच आहे. कोर्टाच्या बातम्यांत ‘अॅलिबाय’ येतो, आरोपी म्हणतो की गुन्हा घडला तेव्हा मी दुसरीकडे होतो. हा ‘अॅलिबाय’ मुळात लॅटिनमधला ‘अन्यत्र’ आहे. अॅलिबाय म्हणजे अन्यत्र, युबिक्विटस म्हणजे सर्वत्र असणारा. जोडीने लक्षात ठेवलेत तर दोन्ही पक्के होतील.

मुद्दा हा की युबिक्विटस ‘कुठे?’ या प्रश्नाचं उत्तर देतो. ‘कोणाकडे?’, ‘किती?’ आणि ‘लोकांना आवडतं का?’ या तीन प्रश्नांची उत्तरं तो देत नाही. परीक्षेतले फसवे पर्याय नेमके या तिघांतून तयार होतात.

उदाहरण घेऊ. अग्रलेखाच्या धाटणीचं हे वाक्य मी सरावासाठी तयार केलंय: ‘द क्यूआर कोड इज नाऊ युबिक्विटस, बट इट इज नॉट युनिव्हर्सल.’ विषय ओळखीचा आहे. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं आणि आज पानटपरीपासून सराफाच्या दुकानापर्यंत तो काळा-पांढरा चौकोन चिकटवलेला दिसतो. पण घाईत वाचणाऱ्याला हे वाक्य स्वतःलाच खोडणारं वाटतं. सगळीकडे आहे, पण सार्वत्रिक नाही, म्हणजे काय?

लेखक इथे दोन वेगळ्या गोष्टी सांगतोय. युबिक्विटस जागेबद्दल आहे: जाल तिथे कोड दिसतो. युनिव्हर्सल माणसांबद्दल आहे: प्रत्येकाला लागू, कोणी अपवाद नाही. दुकानावर कोड आहे, पण समोर उभ्या असलेल्या आजीबाईंकडे साधा फोन आहे. कोड सर्वत्र आहे, पण त्याचा वापर सर्वांना जमत नाही. अग्रलेखाचं सगळं म्हणणं या दोन शब्दांमधल्या फटीत आहे, आणि ‘बट’ त्या फटीवर बोट ठेवतो.

आता खाली प्रश्न येतो: उताऱ्यावरून कोणता निष्कर्ष निघतो? पहिला पर्याय, देशातला प्रत्येक नागरिक डिजिटल व्यवहार करतो. हा ‘कोणाकडे?’वाला सापळा. दुसरा, क्यूआर कोड लोकांना रोख पैशापेक्षा आवडतो. हा ‘आवडतं का?’वाला. तिसरा, व्यवहारांची संख्या प्रचंड आहे. हा ‘किती?’वाला. चौथा, कोड बहुतेक ठिकाणी दिसतो, पण सगळ्यांनाच तो वापरता येतो असं नाही. उत्तर चौथा. पहिले तीन पर्याय प्रत्यक्षात खरे असोत वा नसोत, या वाक्यातून ते निघत नाहीत.

समानार्थी शब्दाच्या प्रश्नालाही हीच कसोटी लावा. पर्यायांत ‘ऑम्निप्रेझेंट’ असेल तर डोळे मिटून तोच. नसेल आणि ‘परव्हेसिव्ह’ असेल तर तो चालतो, फक्त त्यात पसरत आत झिरपण्याची छटा आहे, जसा एखादा वास घरभर भरतो. ‘अबंडंट’ नको, तो ‘किती?’ सांगतो. लासलगावच्या बाजारात आवक वाढली की तिथे कांदा ‘अबंडंट’ असतो. कांदा ‘युबिक्विटस’ आहे तो घरोघरच्या स्वयंपाकघरात, मग टोपलीत दोनच का असेनात. ‘पॉप्युलर’ही नको. रस्त्यावरचे खड्डे युबिक्विटस असतात, पॉप्युलर नाही. विरुद्धार्थी विचारला तर ‘रेअर’ किंवा ‘स्कार्स’ शोधा.

शेवटी स्वराबद्दल. याच कुळातलं ‘युबिक्विटी’ हे नाम युरोपात आधी धर्मचर्चेत वापरलं जायचं, ईश्वराच्या सर्वव्यापी असण्याबद्दल. पुढे ही शब्दावली साध्या वस्तूंना लागू लागली आणि तिच्यात किंचित थट्टा आली. आपल्याकडे ‘जळी, स्थळी, काष्ठी, पाषाणी’चं तेच झालंय. मूळ भाव देवाचा, पण आपण म्हणतो, ‘निवडणूक आली की साहेब जळी-स्थळी-काष्ठी-पाषाणी दिसतात.’ अग्रलेखात ‘द युबिक्विटस फ्लेक्स बोर्ड’ असं आलं की स्वर हाच असतो. आधीचा ‘द’ म्हणतो, ‘तुम्हाला माहीतच आहे तो’, आणि लेखक थोडा वैतागलेला असतो. लेखकाचा सूर विचारणाऱ्या प्रश्नात हा ‘द’ उपयोगी पडतो. मात्र शास्त्राच्या लेखात, ‘हे जिवाणू मातीत युबिक्विटस आहेत’ अशा वाक्यात, थट्टा शोधू नका. तिथे तो सरळ ‘सर्वत्र आढळणारे’ एवढाच आहे.

म्हणून वहीत ‘सर्वव्यापी’ एवढंच लिहून ठेवू नका. तो शब्द देवाला शोभतो, फ्लेक्सला नाही. ‘जिथे-तिथे दिसणारा’ असं लिहा आणि शेजारी कंसात ‘कुठे?’ हा प्रश्न लिहा. या आठवड्यात अग्रलेखात हा शब्द दिसला की पुढे ‘बट’ किंवा ‘येट’ येतो का ते पाहा. आला, तर लेखक जागेकडून माणसांकडे वळतोय का, हे एका ओळीत मराठीत लिहून काढा. पुढच्या भागात ‘परव्हेसिव्ह’ आणि ‘प्रिव्हलंट’ ही जोडी घेऊ.