दुबईत अडीच तास, साडेवीस तास, साडेसव्वीस तास

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



आज आपण एकच तिकीट समोर ठेवू. मुंबई ते न्यूयॉर्क, मध्ये दुबई. पुण्याचं एक निवृत्त जोडपं न्यू जर्सीला मुलीकडे निघालंय. दिवाळी तोंडावर आहे, त्यामुळे बॅगेत फराळ आहे. पासपोर्टवर अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा आहे. विमान मुंबईहून पहाटे साडेचारला सुटतं आणि दुबईच्या घड्याळात सहा वाजता उतरतं. या वेळा मी हिशेबाच्या सोयीसाठी धरल्या आहेत.

पुढच्या विमानासाठी तीन पर्याय आहेत. पहिलं त्याच सकाळी साडेआठला. दुसरं मध्यरात्र उलटल्यावर अडीचला. तिसरं दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला. म्हणजे दुबईतला मुक्काम अडीच तास, साडेवीस तास किंवा साडेसव्वीस तास. यातले पहिले दोन लेओव्हर, तिसरा स्टॉपओव्हर. बहुतेकांना वाटतं, हॉटेलात झोपलो की स्टॉपओव्हर आणि विमानतळावरच्या खुर्चीत पाय अवघडले की लेओव्हर. तसं नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात रेघ साधारणपणे २४ तासांवर आहे. वेळापत्रकातल्या उतरण्याच्या वेळेपासून सुटण्याच्या वेळेपर्यंत २४ तासांहून जास्त अंतर असलं की तो स्टॉपओव्हर. तुम्ही झोपलात की जागलात, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. अमेरिकेतल्या देशांतर्गत प्रवासात हीच रेघ सहसा चार तासांवर येते, पण तिकडे आज जायला नको.

ही रेघ तिकिटावर दिसते. ई-तिकिटाच्या पावतीत अगदी खाली, कुणी वाचत नाही अशा जागी, भाड्याच्या हिशेबाची एक ओळ असते. आकडे वगळले तर आपल्या जोडप्याची ओळ पहिल्या दोन पर्यायांत अशी दिसेल:

```
BOM EK X/DXB EK NYC
```

आणि तिसऱ्या पर्यायात अशी:

```
BOM EK DXB EK NYC
```

`DXB` म्हणजे दुबई. त्याच्याआधीचं `X/` सांगतं की हा प्रवासी इथे थांबत नाही, फक्त विमान बदलतोय. ते `X` गेलं की भाड्याचं गणित बदलतं. कधी कंपनी एक स्टॉपओव्हर फुकट देते, कधी त्याचे वेगळे पैसे लावते, तर कधी सरळ मुंबई–दुबई आणि दुबई–न्यूयॉर्क अशी दोन भाडी जोडते. लंडनमध्ये तर सरकारी करही बदलतो. २४ तासांच्या आत पुढचं विमान पकडणाऱ्याला ब्रिटनचा विमानप्रवासी कर लागत नाही, त्याहून जास्त थांबणाऱ्याला लागतो.

इथवर ठीक. घोटाळा पुढे होतो. २४ तासांची ही रेघ भाड्याची आहे. बॅगेचा निर्णय वेगळ्या कागदावर होतो आणि व्हिसाचा तिसऱ्याच माणसाच्या हातात असतो. लोक एकाचं उत्तर ऐकतात आणि ते उरलेल्या दोघांनाही लावून मोकळे होतात. "लेओव्हरच आहे ना, मग व्हिसा कशाला?" हे वाक्य मी काउंटरच्या दोन्ही बाजूंना ऐकलं आहे.

आधी बॅग. तिचं नशीब मुंबईच्या काउंटरवर तिच्या कानाला बांधलेल्या पट्टीवर ठरतं. पट्टीवर मोठ्या अक्षरात जे तीन अक्षरी नाव असतं, तिथवर बॅग जाते. अडीच तासांच्या पर्यायात तिथे `JFK` असेल. दुबईत बॅगेचा विचारही करायचा नाही. साडेवीस तासांच्या पर्यायातही बहुधा `JFK`च असेल, आणि इथेच माणसं अडकतात. जोडपं दिवसभर दुबईत फिरायला बाहेर पडतं, हॉटेलात पोचतं, आणि लक्षात येतं की रक्तदाबाच्या गोळ्या, चार्जर, बदलायचे कपडे सगळं विमानतळाच्या पोटात आहे. रात्री ती बॅग मागून मिळत नाही. म्हणून एवढ्या लांब लेओव्हरला एक दिवसाचे कपडे आणि दोन-तीन दिवसांची औषधं केबिन बॅगेत ठेवायची. बॅग दुबईतच हवी असेल, तर मुंबईच्या काउंटरवर, पट्टी छापण्याआधी, तसं सांगायचं. काही कंपन्या ऐकतात, काही ऐकत नाहीत.

तिसऱ्या पर्यायात पट्टीवर `DXB` असतं. बॅग दुबईच्या बेल्टवर येते, आणि ती घेऊन तुम्ही संयुक्त अरब अमिरातीच्या कस्टम्समधून बाहेर पडता. आता त्या फराळाकडे वळू. अनारशांवर काय असतं? खसखस. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. ती तिथे अमली पदार्थांच्या कायद्यात येते. घरच्या काळ्या मसाल्यातही ती असू शकते, हे डबा भरणारीलाच माहीत असतं. मध्येच थांबून बाहेर पडणार असाल तर खसखशीचं काहीही बॅगेत नको. खरं तर विमान बदलायचं असेल तरीही नको, कारण ट्रान्झिटमधली बॅगही यंत्रातून जाते. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेल्या औषधांचंही तसंच. त्यांना तिथली आधीची परवानगी लागते, आणि बरोबर डॉक्टरांची चिठ्ठी हवी.

वजनाचाही प्रश्न आहे. अमेरिकेच्या तिकिटावर साधारणपणे माणशी २३ किलोच्या दोन बॅगा मिळतात, म्हणजे ४६ किलो. तिकीट एकच असेल तर मध्ये दुबईला थांबलात तरी सवलत तीच राहते; अमेरिकेचा नियम सांगतो की संपूर्ण प्रवासाला एकच बॅगेज-नियम लावायचा. पण मुलाने स्वस्तात बसवतो म्हणून मुंबई–दुबई वेगळं आणि दुबई–न्यूयॉर्क वेगळं तिकीट काढलं, तर पहिल्या तिकिटावर समजा २५ किलोच आहेत. उरलेल्या २१ किलोंचे पैसे मुंबईत किलोवर मोजून द्यायचे. वाचवलेले पैसे तिथेच जातात.

अमेरिकेत उतरल्यावर २४ तासांचा संबंधच सुटतो. मुलगी न्यू जर्सीऐवजी रॅलेला राहत असती, तर पट्टीवर `RDU` असतं. तरीही न्यूयॉर्कला बेल्टवरून बॅग उचलून, कस्टम्स ओलांडून, ती पुन्हा पुढच्या विमानासाठी द्यावी लागते. पहिल्या प्रवेशाच्या विमानतळावर सामान तपासायचं हा तिथला रिवाज आहे, आणि ताजा कढीपत्ता तिथेच काढून घेतला जातो. म्हणून न्यूयॉर्कला दीड तासाचं कनेक्शन घेऊ नये. अबूधाबी हा अपवाद आहे. तिथे २०१४पासून अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स चढण्याआधीच होतं, त्यामुळे अमेरिकेत तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे उतरता.

आता व्हिसा. इमिग्रेशनचा अधिकारी तास मोजत नाही. तुम्ही त्याच्या खिडकीतून आत येताय का, एवढंच तो बघतो. अडीच तासांत आपलं जोडपं दुबईत आतल्या आत विमान बदलेल, तेव्हा व्हिसा नको. साडेवीस तास आतच बसले तरी नको. बाहेर पडले की हवा, मग तो लेओव्हर असला तरी. त्यासाठी ४८ किंवा ९६ तासांचा ट्रान्झिट व्हिसा विमान कंपनीमार्फत आधी काढता येतो. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयांसाठी वेगळी सवलतही आहे, पण तिच्या अटी बदलत असतात, त्या तिकीट काढण्याच्या दिवशी बघाव्यात. स्टॉपओव्हरला मात्र प्रश्नच उरत नाही. बॅग बाहेर येते, म्हणून माणसालाही बाहेर यावं लागतं, म्हणून व्हिसा लागतोच.

या शेवटच्या वाक्यातली साखळी उलटीही चालते, आणि ती जास्त छळते. लंडनचं उदाहरण घ्या. मुंबई–लंडन एका कंपनीचं तिकीट, लंडन–न्यूयॉर्क दुसऱ्याचं, दोन्ही स्वतंत्र. मधे फक्त पाच तास. कुणीही याला लेओव्हर म्हणेल. पण पट्टीवर `LHR` आहे. बॅग हीथ्रोच्या बेल्टवर येणार आणि ती घ्यायला तुम्हाला ब्रिटनमध्ये प्रवेश करावा लागणार. पुढचं विमान गॅटविकहून असेल तर मग बोलायलाच नको. अमेरिकेचा वैध व्हिसा असणाऱ्याला ब्रिटन अशा वेळी व्हिसाविना आत येऊ देऊ शकतं, पण पुढचं पक्कं तिकीट दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीआधीचं हवं, आणि अंतिम निर्णय अधिकाऱ्याचा.

हेच जोडपं न्यूयॉर्कऐवजी साओ पावलोला निघालं असतं, आणि पासपोर्टवर फक्त ब्राझीलचा व्हिसा असता, तर? एकच तिकीट, बॅग थेट साओ पावलोला, हीथ्रोत दोन तास, बाहेर पाऊलही नाही. तरी भारतीय पासपोर्टला ब्रिटनचा एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा असता तर तो माफ झाला असता. खुद्द अमेरिका तर आतल्या आत विमान बदलू देतच नाही. मेक्सिकोला जाताना न्यूयॉर्कला उतरलात तरी अमेरिकेचा व्हिसा हवाच.

युरोपात आणखी एक खोच आहे. मुंबई–पॅरिस–लिस्बन–बोस्टन असं तिकीट स्वस्त दिसतं. दोन्ही थांबे दोन-दोन तासांचे. पण पॅरिस आणि लिस्बन दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे त्यांच्यामधलं उड्डाण त्यांच्या लेखी देशांतर्गत. शेंगेनमध्ये तुमचा प्रवेश पॅरिसलाच झाला. तिथे विमानतळापुरता ट्रान्झिट व्हिसा उपयोगाचा नाही. पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो. बॅग बोस्टनपर्यंत थेट जात असली तरी.

हे कळतं कुठे? पॅरिसला नाही, मुंबईत. काउंटरवरचा माणूस टिमॅटिक नावाच्या यादीत तुमचा पासपोर्ट, व्हिसे आणि मार्ग घालून बघतो. चुकीच्या प्रवाशाला नेलं तर कंपनीला दंड होतो आणि परत आणण्याचा खर्चही पडतो. त्यामुळे ती यादी नाही म्हणाली की तो तुम्हाला चढू देत नाही, आणि तुमच्याशी वाद घालण्यात त्याला रस नसतो. तीच तपासणी तिकिटाचे पैसे भरण्याआधी कंपनीकडून किंवा एजंटाकडून करून घेता येते. विचारताना "ट्रान्झिट व्हिसा लागतो का?" एवढंच विचारू नका. पासपोर्ट कुठला, हातात कोणते व्हिसे आहेत, तिकिटं किती, बॅग कुठवर जाणार, आणि मधे कुठेकुठे उतरणार, हे सगळं सांगून विचारा.

परतीचं तिकीटही त्याच वेळी बघा. जाताना दुबईत थांबलात आणि येतानाही थांबणार असाल, तर पहिला व्हिसा एकाच प्रवेशाचा असू शकतो. येताना नवा लागेल. आणि मुंबईत उतरून पुढे नागपूर असेल, तर पट्टीवर नागपूर लिहिलेलं असलं तरी साधारणपणे बॅग मुंबईलाच घेऊन, कस्टम्समधून काढून, पुन्हा द्यावी लागते. नागपूरचं विमान दुसऱ्या टर्मिनलवरून असेल, तर दोन्ही टर्मिनलांमधला रस्ता मुंबईच्या रहदारीतून जातो. तिथे चार तास ठेवा.