वायर कोपरावर गुंडाळायची नाही : साउंड क्लबमधलं भाषण

आज नेहमीच्या कोडिंगच्या गप्पा नाहीत. शाळेत मी साउंड क्लबची कॅप्टन होते. दरवर्षी जूनमध्ये आठवीची नवी मुलं यायची, तेव्हा कॅप्टनने पहिलं भाषण करायचं असा रिवाज होता. तेच भाषण आज पुन्हा करतेय. आमच्याकडे बारा चॅनेलचा साधा अॅनालॉग मिक्सर होता, त्यालाच आम्ही कन्सोल म्हणायचो. तर समजा, तुम्ही आठवीत आहात.

मित्रांनो, आज कुणीही माइकमध्ये "हॅलो हॅलो" करणार नाही. आधी केबल.

घरी आपण वायर अंगठा आणि कोपर यांच्याभोवती गुंडाळतो. इथे ते बंद. का? तसं गुंडाळताना प्रत्येक वेढ्याला केबलला एक पूर्ण पीळ बसतो. एक फुटाचा वेढा घेतला तर त्यात साधारण मीटरभर केबल जाते, म्हणजे दहा मीटरच्या केबलला दहा पीळ. बाहेरचं रबर तसंच दिसतं, पण आतल्या बारीक तारा आणि त्यांच्यावरची जाळी ताणली जाते. मग एक दिवस ऐन कार्यक्रमात खरखर सुरू.

आपण एक वेढा सरळ, एक उलटा घ्यायचा. डाव्या हातात केबलचं टोक. उजव्या हाताने पहिला वेढा नेहमीसारखा आणा. दुसऱ्या वेळी उजवा तळहात बाहेर वळवून केबल धरा आणि हात जवळ आणताना मनगट आत फिरवा. केबल वेढ्याच्या आतून जाईल आणि आधीचा पीळ सुटेल. पुढचा पुन्हा सरळ. नीट जमलंय की नाही ते कळायला सोपं आहे: एक टोक धरून वेटोळं जमिनीवर लांब सोडा, केबल सरळ पसरली पाहिजे. फक्त मोकळं टोक वेढ्यांच्या मधून जाऊ देऊ नका, नाहीतर ओढताना ओळीने गाठी बसतात. (पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्याच बसतात, चालतं.)

काढताना वायर ओढायची नाही. माइक केबलच्या तोंडाशी खटका असतो, तो दाबायचा आणि धातूचा भाग धरून बाहेर घ्यायचं. वायर ओढली की आतला सोल्डरचा जोड सुटतो.

आता समजा, गॅदरिंगमध्ये तीन नंबरचा माइक खरखरतोय. पहिलं काम, तीनचा फेडर खाली. मग तीच केबल कन्सोलवर चार नंबरला लावा, आणि लावताना चारचाही फेडर खालीच. हळूच वर करा. खरखर चारवर आली, तर कन्सोल ठीक आहे, दोष केबलमध्ये किंवा माइकमध्ये. मग फक्त केबल बदला. थांबली? केबल खराब. नाही थांबली? माइक बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या तर दोष कुठला ते कळत नाही. खराब केबलच्या टोकाला लाल टेप लावून वेगळी ठेवा. ती परत पिशवीत गेली की पुढच्या कार्यक्रमात हमखास तुमच्याच हातात येते.

एक सूचना: कन्सोलवरचं ४८ व्होल्टचं बटण चालू असेल, तर आधी ते बंद करून थोडं थांबा, मगच केबल काढा-घाला. नाहीतर स्पीकरमधून मोठा "धप्प" येतो.

कन्सोलची रोजची कामं थोडी आहेत. सुरू करताना सगळे फेडर खाली, आधी कन्सोल, शेवटी अॅम्प्लिफायर. बंद करताना बरोब्बर उलटं: आधी अॅम्प्लिफायर. कन्सोल चालू-बंद होताना जो झटका निघतो तो अॅम्प्लिफायरने मोठा करून स्पीकरला देऊ नये, म्हणून हा क्रम.

धूळ चित्रकलेच्या कोरड्या, मऊ ब्रशने झाडायची. तोंडाने फुंकायचं नाही, फुंकरीबरोबर थुंकीचा ओलावा फेडरच्या फटीत जातो. आठवड्यातून एकदा अॅम्प्लिफायर बंद ठेवून प्रत्येक फेडर वरपासून खालपर्यंत आठ-दहा वेळा सरकवा. न वापरलेले फेडरच आधी खरखरतात. पावसाळ्यात वर प्लास्टिक नको, आत दमट राहतं. कोरडी सुती चादर घाला, तीही कन्सोल गार झाल्यावर.

चहा, पाण्याची बाटली कन्सोलच्या टेबलावर नाही, सरांचीसुद्धा नाही. सांडलंच तर कन्सोलच्या बटणाकडे हात न्यायचा नाही. हात कोरडे असतील तर भिंतीवरचा स्विच बंद करून प्लग काढा आणि सरांना सांगा. वरून पुसलं म्हणून पुन्हा चालू करायचा नाही, दुरुस्तीवाले काका उघडून बघतील तेव्हाच.

चला, त्या पेटीतून प्रत्येकाने एकेक केबल घ्या. पाच वेळा गुंडाळा आणि पाच वेळा जमिनीवर सोडून दाखवा. ज्याची सरळ पसरेल, तो उद्या कन्सोलपाशी बसेल.