लॅपटॉप बदलून मागताना

मी बेंगळुरूत एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. इथे मॅनेजरला पहिल्या नावानं हाक मारतात, तरी लॅपटॉप बदलून मागायचा म्हटलं की आपल्याकडची मुलं ‘चालतोय की अजून’ म्हणत वर्ष काढतात.

माझा लॅपटॉप सकाळी ठीक असायचा, पण बिल्ड लावला की दहा मिनिटांत रांगायला लागायचा. आता ‘लॅपटॉप स्लो आहे’ एवढंच सांगून काही होत नाही, कारण सगळेच ते म्हणतात. म्हणून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये `Performance` खाली `CPU` पाहिलं. `Base speed` २.४ होता आणि ऐन कामात `Speed` ०.८ वर उतरत होता. याचा अर्थ बहुधा प्रोसेसर तापतोय आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतोय. कमी वॉटचा चार्जर असला तरी काही लॅपटॉप असंच करतात, म्हणून शेजारच्या मैत्रिणीचा त्याच मॉडेलचा चार्जर लावून पाहिला. फरक नाही. मग आयटीकडे तिकीट टाकलं. त्यांनी पंखा साफ केला, थर्मल पेस्ट बदलली. बऱ्याचदा प्रश्न इथेच मिटतो. माझा आठवडाभरच मिटला.

मग तोच बिल्ड दोघींच्या मशीनवर लावला. तिच्याकडे ९ मिनिटं, माझ्याकडे २१. दिवसाला पाच बिल्ड, म्हणजे एक तास गेला.

हे मी स्टँडअपमध्ये सगळ्यांसमोर काढलं नाही. आमचं दर आठवड्याला दोघांचंच बोलणं होतं, त्याच्या आदल्या दिवशी चॅटवर लिहिलं: ‘उद्या पाच मिनिटं लॅपटॉपबद्दल बोलायचंय. तापून वेग पडतो, बिल्डला ९ ऐवजी २१ मिनिटं लागतात. आयटीनं एकदा दुरुस्त केलाय, तिकीट नंबर खाली देते. तीन वर्षांची वॉरंटी संपली आहे. बदलून मिळेल का?’

मॅनेजरच्या कपाटात लॅपटॉप नसतो हो! त्यांनाही पुढे कुणाकडून तरी मंजुरी घ्यावी लागते. माझा मेसेज त्यांनी जसाच्या तसा पुढे पाठवला. मला विचारलं, ‘रिलीज होईपर्यंत थांबशील?’ मी म्हटलं, ‘रिलीजच्या आठवड्यातच बिल्ड सगळ्यात जास्त असतात. नवा यायला वेळ लागणार असेल तर तोवर आयटीकडचा एखादा जादा लॅपटॉप मिळू द्या.’ तो दुसऱ्या दिवशी मिळाला. नवा यायला तीन आठवडे लागले. जादा लॅपटॉप मागितला नसता तर ते तीन आठवडे जुन्यावरच काढावे लागले असते.

एक गोष्ट मात्र यात बसत नाही. टचपॅड वर उचललेलं दिसलं किंवा झाकण नीट मिटेना, तर बॅटरी फुगलेली असू शकते. तेव्हा मोजमाप करत बसू नका, चार्जिंगला लावू नका, वरून दाबू नका. लॅपटॉप बंद करून त्याच दिवशी आयटीकडे द्या आणि मॅनेजरला नंतर कळवा.